दसऱ्याचा रेझ्युमे

विनीता कधी ओरडत नाही, हे सिंगापूरच्या पासिर रिस भागातल्या सगळ्या मराठी बायकांना ठाऊक आहे. महाराष्ट्र मंडळाच्या हळदीकुंकवात दोन बायकांची जुंपली की मधे तिलाच बसवतात. नवरा निशिकांत बँकेत जोखीम खात्यात मोठा अधिकारी, मुलगी क्षिप्रा युनिव्हर्सिटीत डिझाइनच्या शेवटच्या वर्षाला. पुण्याची बी.कॉम. झालेली विनीता पंचवीस वर्षं हे घर न ओरडता चालवत आली होती. यंदा दसरा झाल्यावर मात्र तिचा आवाज लिफ्टपर्यंत गेला.

झालं ते असं. मोठ्या सुट्टीत क्षिप्राने एका छोट्या कंपनीत इंटर्नशिप केली. दवाखान्यात टोकन घ्यायचे स्क्रीन बनवणारी कंपनी. म्हातारी माणसं त्या स्क्रीनवर भलतंच बटण दाबायची नि भलत्याच रांगेत बसायची. क्षिप्रा बेडोकच्या एका दवाखान्यात दिवस दिवस उभी राहिली, अंकल-आंटींना विचारत बसली, आणि भाषा निवडायचं बटण सगळ्यात आधी आणून तिने अख्खा स्क्रीन नव्याने मांडला. रोज संध्याकाळी घरी येऊन भडाभडा सांगायची. पोरीला इतकं खुशीत विनीताने पूर्वी पाहिलं नव्हतं.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात काम संपलं. लॅपटॉप परत दिला, ऑफिसचा ईमेल त्याच दिवशी बंद झाला. कंपनीचं काही घरी आणायचं नव्हतं, तिने आणलंही नाही. निघताना तिची वरिष्ठ, ह्वी मिन, तिला म्हणाली होती, "महिन्याच्या आत रेझ्युमे नि पोर्टफोलिओ लिहून काढ. आत्ता सगळं ताजं आहे. मला कच्चं लिहिलेलं दाखव, आकडे तपासून देते, काय बाहेर दाखवायचं नि काय झाकायचं ते सांगते. सप्टेंबरअखेर मी इथली नोकरी सोडतेय, त्याआधी ये."

क्षिप्राने हे जेवताना सांगितलं तेव्हा निशिकांत वरणभात कालवत म्हणाला, "अगं, गणपती तोंडावर आलेत. मखर कोण करणार? ते होऊ दे, मग लिही निवांत."

मखर झालं. आरत्या झाल्या. विसर्जनानंतर क्षिप्रा लॅपटॉप उघडून बसली, तर निशिकांत पाठीमागे उभा.

"हे काय सुरू केलंस?"

"रेझ्युमे, बाबा."

"आजपासून पक्ष लागला पिल्लू. पितृपक्षात नवीन काही सुरू करत नाहीत. दसऱ्याला लॅपटॉपची पूजा करू, मुहूर्तावर पहिली ओळ लिही."

"अरे, नवीन कुठे आहे हे?" विनीता म्हणाली. "झालेल्या कामाचंच तर लिहायचंय."

"नोकरीसाठी लिहायचंय ना? मग नवीनच. तीन-चार आठवड्यांनी काय आभाळ कोसळतंय?"

क्षिप्राने खांदे उडवले, इथल्या पोरांसारखं 'लाह' लावत म्हणाली, "चालेल लाह, आई. मला असाइनमेंट पण आहे." खरं तर तिलाही कंटाळाच आला होता. लॅपटॉप मिटला गेला. विनीता गप्प बसली, नेहमीसारखी.

दसऱ्याला लॅपटॉपच्या झाकणावर कुंकवाचं बोट उमटलं, लिटल इंडियातून आणलेला झेंडू वाहिला. श्रीखंड-पुरी झाल्यावर क्षिप्रा लिहायला बसली. ज्या डिझाइन टीमची नोकरी तिला मनापासून हवी होती, तिथला अर्ज रविवारी बंद होणार होता. त्यांना एकच खरं काम सविस्तर हवं होतं: अडचण काय होती, तू स्वतः काय केलंस, त्याने काय बदललं.

बऱ्याच वेळाने विनीताने डोकावलं. पानावर एकच वाक्य होतं: टोकन स्क्रीन सुधारण्यात टीमला मदत केली.

"मदत? सगळं तूच केलंस ना गं?"

"पण किती लोकांना विचारलं, आई? अठरा की अठ्ठावीस? आधी किती जण चुकायचे, नंतर किती? आधी कुठला स्क्रीन ट्राय केला, तो का सोडला?" क्षिप्राचा आवाज चिरकला. "मला आठवतच नाहीये!"

ह्वी मिनला मेसेज केला. तिचं उत्तर लगेच आलं, गोडही होतं. पण आपण आता तिथे नाही, परवानगी देणं आपल्या हातात नाही, ऑफिसला विचार. ऑफिसचं उत्तर शुक्रवारी आलं. तुझं काम तपासून सांगू शकेल असं इथे कोणी उरलेलं नाही, तेव्हा स्क्रीन आणि आकडे बाहेर दाखवू नयेत.

निशिकांत सोफ्यावरून म्हणाला, "मग टाक ना, चुका चाळीस टक्क्यांनी कमी झाल्या. कोण मोजायला बसलंय?"

विनीताच्या हातातलं पातेलं सिंकमध्ये आदळलं.

"काय म्हणालास?"

"अगं, सगळेच टाकतात..."

"तुझ्या बँकेत एखाद्या पोराने असा आकडा टाकला तर काय करशील रे तू? हाकलशील ना? तिथे पुरावा दाखवल्याशिवाय कुणाला हलू देत नाहीस, आणि घरी पोरीला खोटं लिहायला सांगतोस? मुलाखतीत कुणी विचारलं, कसे मोजलेस चाळीस, तर काय सांगायचं तिने? बाबांनी सोफ्यावर बसून मोजले?"

"विनू, शेजारी ऐकतायत."

"ऐकू देत! बैल गेला नि झोपा केला, त्यालाही फुलं वाहिली आपण. तुझे पूर्वज काय रेझ्युमे लिहिला म्हणून जेवायचे थांबणार होते? उलट म्हणाले असते, लिही पोरी, विसरायच्या आत लिही!"

निशिकांतने टीव्हीचा आवाज बंद केला. आतून क्षिप्राच्या टाइप करण्याचा आवाज तेवढा येत होता. तिने चाळीसचा आकडा घातला नाही. कंपनीचा स्क्रीन दाखवला नाही. जे नक्की आठवत होतं तेवढंच लिहिलं: दवाखान्यात उभं राहणं, आंटींची गोंधळलेली बोटं, भाषेचं बटण आधी आणणं. नेमके आकडे माझ्याजवळ नाहीत, असंही लिहिलं. पान जेमतेम अर्धं भरलं. रविवारी पाठवलं.

दिवाळीनंतर नकार आला. त्याच संध्याकाळी कळलं की अवनीला तिथेच मुलाखतीला बोलावलंय. अवनी तिच्याच शेजारच्या टेबलावर इंटर्न होती. ऑगस्टमध्येच दोन वेळा कोपीटियममध्ये, इथल्या कॉफीच्या टपरीवर, ह्वी मिनला गाठून, कॉफी पाजून तिने सगळं तपासून घेतलं होतं. "अवनीचा स्क्रीन माझ्याइतका चांगला नव्हता, आई," क्षिप्रा म्हणाली. रडली नाही. दार लावून घेतलं.

निशिकांतने सुस्कारा सोडला. "जाऊ दे. नशिबात नव्हतं."

"नशिबाला मधे आणू नकोस," विनीता हळू बोलली, पण या हळू बोलण्याला निशिकांत जास्त घाबरला. "नशिबाने तिचा लॅपटॉप मिटला नव्हता. तू मिटलास, नि मी मिटू दिला. ती नशिबाला दोष देत बसली तर पुढच्या वेळीही अशीच थांबेल. जा, सांग तिला."

"काय सांगू?"

"ते मी शिकवू?"

तो उठला. दारावर टकटक केली, किंचित उघडलं.

"क्षिपू... माझं चुकलं गं."

खुर्ची वळली नाही. "माझंही चुकलं बाबा. मीच सांगायला हवं होतं, ह्वी मिन जातेय म्हणून, पुन्हा पुन्हा. पण मी अजून खूप रागावलेय. तुझ्यावर पण. आत्ता समजूत घालू नकोस."

"बरं. नाही घालत."

तो दारातच उभा राहिला, आत जावं की मागे फिरावं हे न कळून. स्वयंपाकघरातून विनीता पाहत होती. एरवी ती पटकन पुढे झाली असती, काहीतरी बोलून दोघांनाही सोडवलं असतं. आज तिने नळ सोडला आणि भांडी घासायला घेतली.