चिठ्ठी म्हणजे माल नव्हे

ऑफिसात त्यांना सगळे कोठीकाका म्हणत. हे नाव कुणी प्रेमानं ठेवलं नव्हतं. लहान मुलांसाठी अक्षरांचे आणि आकड्यांचे खेळ बनवणारी ती बारा माणसांची कंपनी, आणि तिची सगळी चित्रं, आवाज आणि कोड सर्व्हरवरच्या ज्या एका सामायिक साठ्यात, म्हणजे रेपोत, राहत, त्या रेपोच्या दारात हा माणूस कोठीवर बसलेल्या कारभाऱ्यासारखा बसलेला असे. काय आत टाकलंत, कशासाठी टाकलंत, एवढं मोठं का टाकलंत? नव्या माणसाला वाटायचं, याच्या खिशातून जातंय की काय.

पण त्यांचं खरं होतं. रेपो सांभाळणारी प्रणाली म्हणजे गिट, आणि गिटचा स्वभाव असा की एकदा आत गेलेली वस्तू ते विसरत नाही. कोडची एक ओळ बदलली तर पुढेमागे फक्त फरक साठवून भागतं. पण चित्रकार बाईंनी घुबडाच्या चोचीचा रंग बदलला की दीडशे एमबीच्या चित्राची जवळजवळ अख्खी नवी प्रत आत जाऊन बसायची, आणि जुनीही तिथेच. बाईंना चोचीचा रंग आठवड्यातून तीनदा बदलायची हौस. चार वर्षांपूर्वी रेपो अडतीस जीबीचा झाला होता. नवीन माणूस सकाळी क्लोन करायला, म्हणजे अख्खा रेपो आपल्या मशीनवर उतरवायला, घ्यायचा आणि जेवून आला तरी ते चालूच असायचं.

"जुनं उडवून टाका ना," मालक म्हणाले. "आजचं तेवढं ठेवा. इतिहास कोण बघतंय?"

कोठीकाकांनी नकार दिला. कारण त्यांनी कुणाला सांगितलं नाही, पण ते सांगायला हवं. त्या इतिहासात त्यांच्या बायकोचा आवाज होता.

पहिल्या खेळातलं घुबड तिनं बोललं होतं. ती एकदा त्यांचा विसरलेला चष्मा द्यायला आली आणि जिन्यावरूनच त्यांना झापायला लागली. आतून मालकांनी तो आवाज ऐकला आणि म्हणाले, "हेच आपलं घुबड!" सामानाच्या खोलीत भिंतींना गाद्या लावून तिचं रेकॉर्डिंग केलं. "पुन्हा एकदा कर पाहू", "शाबास रे शाबास", असे त्रेचाळीस तुकडे. दोन वर्षांनी खेळ मोठ्या प्रकाशकाकडे गेला, तिथल्यांना सराईत आवाज हवा होता, म्हणून ते तुकडे काढून दुसरे घातले. बायको म्हणाली, "बरं झालं, घुबड म्हणून मरायची पाळी टळली." तिला वाईट वाटलं होतं, ते तिनं हसून घालवलं. तुकडे आजच्या खेळातून गेले, तरी इतिहासात राहिले. कोठीकाकांनी घरी वेगळी प्रत काही ठेवली नाही. रेपोत आहे म्हणजे आहेच, हा त्यांचा विश्वास.

तर त्यांनी इतिहास न उडवता रेपो बारीक करायचं ठरवलं. मोठ्या फाइलींसाठी गिटला जोडून एक सोय येते, एलएफएस. तिच्यात रेपोत फक्त तीन ओळींची चिठ्ठी राहते: कुठल्या पद्धतीची, मालाचा चौसष्ट अक्षरांचा ठसा, आणि आकार. खरा माल सर्व्हरवर वेगळ्या कोठारात. ज्याला आजचं काम करायचं तो आजच्यापुरताच माल उतरवून घेतो, जुना माल कोठारातच. काकांनी सगळ्या शाखांसकट सगळा इतिहास नव्यानं लिहून काढला, प्रत्येक चित्र आणि प्रत्येक आवाज चिठ्ठीवर आणला, माल कोठारात चढवला. अडतीस जीबीचा रेपो सहाशे एमबीवर आला. मालकांनी पेढे वाटल्यासारखा चेहरा केला. वाटले मात्र नाहीत.

इतिहास नव्यानं लिहिला की त्यातल्या प्रत्येक कमिटचा, म्हणजे नोंदीचा, ठसा बदलतो. कुणाच्या मशीनवर जुना क्लोन राहिला आणि त्यानं त्यातून काही सर्व्हरवर ढकललं, तर जुना गाळ पुन्हा आत. म्हणून काका वही घेऊन टेबलाटेबलावर गेले. स्वतः मागे उभं राहून प्रत्येकाला जुना क्लोन पुसायला लावला आणि नावापुढे बरोबरची खूण केली. चित्रकार बाईंनी लपवून ठेवलेली एक प्रतही त्यांनी शोधून काढली आणि चारचौघांत त्यांना बोलले. मग आपल्या टेबलावर कागद चिकटवला: "चिठ्ठी म्हणजे माल नव्हे. माल पोचल्याची खात्री करा."

हा कागद अजून तिथेच आहे. पिवळा पडलाय.

या वर्षी त्यांच्या मुलीला मुलगी झाली. बायको जाऊन तीन वर्षं झाली होती. एका दुपारी मुलीचा फोन आला.

"बाबा, आईचं ते घुबड तुमच्याकडे असेल ना? हिला ऐकवायचंय. माझ्याकडे आईचा आवाजच नाही हो. जुना फोन गेला त्यात सगळं गेलं."

"आहे की!" काका म्हणाले. "माझ्याकडची वस्तू कुठे जातेय?"

तीन वर्षांत ते इतके मोकळे हसले नव्हते. ऑफिसात जाऊन त्यांनी जुनं कमिट बाहेर काढलं. त्रेचाळीस नावं ओळीनं आली. त्यांनी इयरफोन कानात घातले, पहिल्या फाइलीवर क्लिक केलं. प्लेअर म्हणाला, ही आवाजाची फाइल नाही. उघडून पाहिली तर तीन ओळी. पद्धत, ठसा, आकार.

बरं, माल उतरवायचा राहिला असेल. त्यांनी कोठाराकडे माल मागितला. सर्व्हर म्हणाला, असा ऐवज माझ्याकडे नाही. दुसरा मागितला. नाही. त्रेचाळीसही नाहीत. त्यांनी इतर जुनी चित्रं मागून पाहिली. तीही नाहीत. आजचा खेळ ठणठणीत चालत होता, म्हणून तीन वर्षांत कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. जुन्या दिवसांच्या नुसत्या चिठ्ठ्या उरल्या होत्या.

त्यांनी आपलं मशीन धुंडाळलं. तिथला जुना माल त्यांनी स्वतःच छाटला होता, कोठारात प्रत आहे म्हणून. मग खाली मान घालून ते चित्रकार बाईंच्या टेबलापाशी गेले.

"बाई, तो जुना क्लोन… चुकून कुठे राहिलाय का? पेनड्राइव्हवर, घरच्या लॅपटॉपवर?"

बाईंनी वर पाहिलं. "काका, तुम्ही मागे उभं राहून पुसायला लावलंत. कचरापेटीसुद्धा रिकामी करायला लावलीत."

त्यांच्या बोलण्यात टोमणा असावा, पण काकांचा चेहरा बघून तो अर्ध्यावर विरला. "काय शोधताय?" असं त्यांनी हळूच विचारलं. काका म्हणाले, "काही नाही. एक घुबड होतं."

मग ते जागेवर येऊन बसले आणि आठवू लागले. खरं तर आठवायला लागतच नव्हतं.

जुना सर्व्हर बंद होणार होता, महिनाअखेरीला पुसला जाणार होता. रेपो नव्या सर्व्हरवर न्यायचा होता, आणि नेमक्या त्याच आठवड्यात बायको दवाखान्यात होती. खाटेशेजारच्या स्टुलावर बसून, मांडीवरच्या लॅपटॉपवरून ऑफिसच्या मशीनला जोडून घेऊन त्यांनी ते काम केलं. रेपोची आरशासारखी हुबेहूब प्रत काढली. तिच्यात चिठ्ठ्या सगळ्या येतात, माल येत नाही. माल वेगळा मागवावा लागतो, आणि सगळ्या इतिहासाचा हवा असेल तर तसं सांगावं लागतं. ते काकांइतकं कुणाला माहीत होतं? पण सगळा आणायला कितीतरी तास लागले असते. त्यांनी आजच्यापुरता आणला. उरलेला सोमवारी, असं मनात म्हणाले.

नव्या सर्व्हरवर ढकलताना गिटनं अडवलं. इतके इतके ऐवज सापडत नाहीत, म्हणून नाकारतोय, असं म्हणालं. आणि खाली सल्ला, तरीही अपुरं ढकलायचं असेल तर अमुक सेटिंग चालू करा.

बायको जागी होती. "अहो," ती म्हणाली, "ठेवा ना ते जरा."

"एक मिनिट," ते म्हणाले, "झालंच." आणि सेटिंग चालू केलं.

सोमवारी पहाटे ती गेली. काका तीन आठवडे कामावर गेले नाहीत. तेवढ्यात महिना संपला.

संध्याकाळपर्यंत त्यांनी एकच काम केलं. प्रत्येक चिठ्ठीवर आकार होता. रेकॉर्डिंग त्यांनीच केलेलं, तेव्हा एका सेकंदाला अठ्ठ्याऐंशी हजार दोनशे बाइट हे त्यांना पाठ होतं. फाइलीच्या सुरुवातीचे चव्वेचाळीस वजा करायचे आणि भागायचं. वहीत त्यांनी त्रेचाळीस नावं लिहिली आणि पुढे सेकंद. "शाबास", दोन. "पुन्हा एकदा", तीन. शेवटच्या फाइलीचं नाव होतं "चूक". बोलताना बायकोला मध्येच हसू फुटलं होतं आणि मग ती काहीतरी बोलली होती. पुसायचा होता तो तुकडा, पण काकांनीच ठेवला होता. अकरा सेकंद. ती हसली हे त्यांना आठवत होतं. नंतर काय बोलली, ते काही केल्या आठवेना.

घरी जाऊन त्यांनी मुलीला फोन लावला. वाटेत त्यांनी ठरवलं होतं की सांगायचं, जुन्या सर्व्हरवाल्यांनी घोटाळा केला. सर्व्हरवाल्यांना नाहीतरी सगळेच शिव्या देतात, त्यात एकीची भर. पलीकडे बाळ रडत होतं.

"मिळालं?" मुलीनं विचारलं.

"नाही गं. किती सेकंदांचं होतं ते माहीत आहे. आवाज गेला."

"गेला म्हणजे? कुणी घालवला?"

काकांनी तयार ठेवलेलं वाक्य तोंडाशी आणलं. ते बाहेर येईना.

"मी," ते म्हणाले. "मशीननं मला विचारलं होतं. सगळं आलं नाहीये, तरी पुढे जायचं का. मी हो म्हटलं. तिच्या खाटेपाशी बसून."

मुलगी म्हणाली, "आई जागी होती तेव्हा?"

"हो."

"काही बोलली?"

"ठेवा ना ते जरा, म्हणाली."

"मग?"

कोठीकाकांच्या हातात वही तशीच उघडी होती. "एक मिनिट, म्हटलं मी," ते म्हणाले.