बैलाचा चारा आणि पाच फूट फिल्म

साठीच्या दशकात आमच्या तांड्यावर एक सिनेमा निघाला, आमच्याच बोलीत. तांडा पांढरकवड्यापासून बैलगाडीनं तासाभरावर. मी तेव्हा गावात हायस्कुलात इंग्रजी शिकवत होतो. गोरबोली, म्हणजे आम्हा बंजाऱ्यांची भाषा, माझ्या घरची, इंग्रजी माझ्या पोटापाण्याची, म्हणून दिग्दर्शकानं सिनेमाच्या इंग्रजी ओळी माझ्या गळ्यात टाकल्या. परदेशातल्या कुठल्याशा महोत्सवात तो जायचा होता. पडद्याच्या तळाशी ज्या ओळी येतात, सबटायटल म्हणतात त्यांना, त्या मला लिहायच्या होत्या.

मला वाटलं, भाषांतर तर करायचं, त्यात काय मोठं! हट्! मुंबईच्या लॅबमधून संवादांची यादी आली, तर प्रत्येक वाक्यापुढे फूट लिहिलेले. दीड फूट फिल्म म्हणजे एक सेकंद. एका फुटात वाचणाऱ्याला जेमतेम आठ इंग्रजी अक्षरं झेपतात. एकावेळी दोन ओळी, त्याहून जास्त नाही. माणूस बोलायचा थांबला की ओळ गेली पाहिजे. बोलणारा भरभर बोलला तर त्याचं अर्धं बोलणं फेकून द्यायचं, आणि कोणतं अर्धं फेकायचं ते आपण ठरवायचं. दोन महिने मी शाळेतून आलो की ही कापाकापी करत बसायचो.

बाकी सगळं निभावलं. अडलं ते माझ्या आत्याच्या एका वाक्यावर.

सिनेमात लग्न आहे. आमच्यात जुन्या काळी नवरदेव लग्नासाठी नवरीच्या तांड्यात येऊन महिना-महिना राहायचा, खायचा. मग निघताना नवरीला सजवलेल्या बैलाच्या पाठीवर उभी करतात आणि ती रडत रडत निरोपाचं गाणं म्हणते. ते शूटिंग चालू असताना माझी आत्या, जी बायकांच्या घोळक्यात नुसती उभी राहायला आणली होती, ती एकदम पुढे आली. गोरबोलीत ती जे म्हणाली ते मराठीत असं, "पोरी, तू कायले रडतं? रडाचं तर या बैलानं! याचा चारा तर जावयानं खाल्ला!" आणि बैलाच्या पाठीवर दाणकन थाप मारली. अख्खा तांडा हसला, रडणारी नवरीही हसली. दिग्दर्शकानं ते तसंच ठेवलं.

हे वाक्य होतं पाच फुटांचं. म्हणजे चाळीस अक्षरं. त्यात नवरदेव महिनाभर राहतो हे कुठं सांगू? आणि ते सांगितलं नाही तर चाऱ्याचा विनोद कोणाच्या बापाला कळणार?

निर्मात्याचा माणूस मुंबईहून रिळं आणि माझी यादी घ्यायला आला होता. तीन दिवस डाकबंगल्यात मुक्काम. आत्याला सिनेमा दाखवायचं कबूल केलं होतं, म्हणून तीही गावात माझ्याकडे आली होती. साहेब माझ्या ओसरीवर बसून चहा पीत म्हणाले, "मास्तर, त्या म्हातारीच्या वाक्याखाली काही लिहू नका. रिकामं सोडा. लोक हसताना दिसतायत ना, पुरे."

"पुरे कसं? रडणाऱ्या पोरीपुढे एक म्हातारी ओरडते, बैलाला मारते आणि सगळे दात काढतात. वाचणाऱ्याला काय वाटंल? वेडी वाटंल ती!"

"मग सासूवर एखादा इंग्रजी विनोद टाका. तिकडे चालतात."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. आत्या समोरच तांदूळ निवडत बसली होती. माझी आत्या तांड्यातली सगळ्यात हजरजबाबी बाई. तिच्या जिभेपुढे तांड्याचा मुखिया, नायकसुद्धा पगडी सावरून बसायचा. तिच्या तोंडात मी उसना विनोद कोंबू? आणि तिला साऱ्या जगापुढे खुळी ठरवू? मी सांगितलं, "रिकामं राहणार नाही. राहिलं तर माझी सगळी यादी परत द्या आणि गोरबोली येणारा दुसरा माणूस मुंबईत शोधा."

"लॅबच्या ठशावर एकदा अक्षरं गेली की फिल्मवर कोरली जातात, मास्तर. खोडता येत नाहीत. तो धोका मी कायले घेऊ, असंच म्हणता ना तुम्ही इकडे?"

चिडवत होता मला. मी म्हटलं, "मग कोरायच्या आधी करून पाहू."

मार्ग मला आदल्याच दिवशी सुचला होता. त्या वाक्याच्या दोन मिनिटं आधी नवरदेवाचा दोस्त त्याला विचारतो, "काय, निघाचं ना?" आणि नवरदेव बराच वेळ नुसता विडी ओढत बसतो. तिथं जागाच जागा! मी दोस्ताच्या खाली लिहिलं: "महिना झाला सासऱ्याकडं जेवतोस. निघायचं ना?"

साहेब उसळले. "तो असं म्हणतच नाही!"

"म्हणत नाही, कारण तांड्यात ते सगळ्यांना ठाऊक आहे. परक्याला ठाऊक नाही, म्हणून त्याला लिहून सांगायचं."

मग आत्याच्या वाक्याचे दोन तुकडे केले. आधी "बैलाला रडू दे." आणि थाप पडते त्या क्षणाला "त्याचा चारा जावयानं खाल्ला." दोन्ही एकदम दाखवलं तर माणूस थाप पडायच्या आधीच वाचून मोकळा होतो, आणि आत्याचा चेहरा पाहायचा राहून जातो.

गावच्या टिनाच्या टॉकीजमध्ये दुपारी पडदा रिकामा असायचा. जाहिरातीच्या काचा दाखवायचं यंत्र तिथं होतंच. मी दिव्यावर धरून काचांवर काजळी चढवली, सुईनं अक्षरं ओरखडली. ऑपरेटरनं रीळ लावलं, मी शेजारी उभा राहून वेळेवर काचा सरकवणार. वाचायला हायवेच्या पुलाच्या कामावरचा मद्रासकडचा इंजिनिअर बोलावला. त्याला मराठी येत नव्हतं, गोरबोली तर नाहीच. पुढच्या बाकावर तो, साहेब आणि डोक्यावर पदर घेऊन आत्या.

दोस्ताची काच गेली. नवरी बैलावर चढली. काच मी दोन्ही हातांनी धरली, निसटते की काय! पहिली सरकवली. इंजिनिअरनं वाचली. पडद्यावर थाप पडली, दुसरी सरकवली, आणि तो गडी एकदम खो खो हसला. मांडीवर हात मारून हसला. मला तर रडूच आलं.

दिवे लागले. मी पुढे आलो तसं त्यानं मला इंग्रजीत विचारलं, "या आजींना विचारा, नंतर त्या बैलाला चारा मिळाला का?"

बघा! ज्या बाईला खाली ओळसुद्धा मिळणार नव्हती, तिलाच तो सवाल करत होता. मी गोरबोलीत सांगितलं. आत्या गोरबोलीत काहीतरी फाडकन बोलली आणि स्वतःच हसली.

साहेब माझ्याकडे वळले. "काय म्हणाली हो ही म्हातारी?"

मी तोंड उघडणार, तोच आत्या म्हणाली, "मलेच इचार ना, बाबू. मराठी येते मले. तीन दिवसापासून तुह्यं 'म्हातारी, म्हातारी' आयकून राह्यली."

साहेबांचा चेहरा असा उतरला की विचारू नका. ते उठून उभे राहिले, घसा खाकरला आणि म्हणाले, "आजी, माफ करा. काय म्हणालात?"

"म्हनलं, जावई गेला तवा बैलानं पोटभर खाल्लं. आन् माह्या खाली रिकामं ठेवसीन, तर पुढच्या लग्नात तुलेच बैलाच्या जागी बांधतो."

हे मला साहेबांना भाषांतर करून सांगावं लागलं नाही, इंजिनिअरला तेवढं सांगितलं. साहेबांनी तिन्ही काचा रुमालात गुंडाळल्या आणि तशाच ओळी कोरून घ्यायला स्वतः मुंबईला नेल्या.