करुणानं न लिहिलेल्या दोन ओळी

आमच्या पाचोडच्या पुंडलिकरावांची करुणा बजाजनगरात वाढली. बी.एस्सी. झाली आणि एका कारखान्याच्या ऑफिसात कॉम्प्युटर दुरुस्तीला लागली. सायबर सुरक्षा तिला कुणी शिकवली नाही. जुन्या लॅपटॉपवर ती स्वतःच कच्ची यंत्रणा उभी करायची, स्वतःच फोडायची आणि काय चुकलं ते आपल्या ब्लॉगवर लिहून ठेवायची.

पुढे गोकुळ आणि सावनी या दोघांबरोबर तिनं देशपातळीवरच्या ऑनलाइन स्पर्धेत भाग घेतला. तिथं संयोजक मुद्दाम कच्ची ठेवलेली कोडी देतात. प्रत्येकात एक खुणेचा मजकूर लपवलेला असतो, तो शोधून काढायचा. सहाशे बारा संघांत यांचा त्रेचाळिसावा आला. अकरा कोडी सुटली, त्यांतली चार करुणानं सोडवली.

आता तिला याच विषयात एम.टेक. करायचं होतं. अर्जाला उद्देशपत्र लागतं. का शिकायचंय आणि आजवर काय केलं, ते दोन पानांत मांडायचं. पुंडलिकराव तिला क्रांती चौकातल्या एका सल्ला-केंद्रात घेऊन गेले. तिथल्या मिहिर सरांनी तिचा कच्चा मजकूर घेतला आणि चार दिवसांनी चकाचक करून समोर ठेवला.

करुणानं तो शांतपणे वाचला. पेन उचललं आणि दोन ओळींवर आडवी रेघ मारली.

“काय झालं?” मिहिर सरांनी विचारलं.

“‘मी देशात त्रेचाळिसावी आले.’ मी नाय आले सर, आमचा संघ आला.”

“अगं, संघात तू होतीसच ना?”

“होते. अकरातली चार कोडी माझी. तेवढंच लिहा. त्या चारांची उकल ब्लॉगवर तारखेसकट आहे, कुणीही बघावी.”

“आणि ही दुसरी ओळ? ही तर जान आहे पत्राची!”

त्या ओळीत लिहिलं होतं, ‘एका महाविद्यालयाच्या सर्व्हरमध्ये शिरून मी चार हजार विद्यार्थ्यांची माहिती वाचवली.’

“शिरले नाय मी. मैत्रिणीला तिच्या कॉलेजाचा निकाल बघून देताना वेबसाइटच्या पत्त्यातला शेवटचा आकडा चुकला अन् दुसऱ्याच पोरीचा निकाल उघडला. एकच पान. तिथंच बंद केलं. कॉलेजाला कळवलं, सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेलाही कळवलं. त्यांची पोच आहे माझ्याकडं. चार हजार हा आकडा कुठून आणला तुम्ही?”

“बरं, ते भोक बुजलं का?”

“माहीत नाय. तसंच लिहा पत्रात.”

“बघितलं नाहीस परत?”

“परवानगीबिगर परत जाऊन चाचपायचं म्हणजे गुन्हा, सर. पहिल्यांदा चूक झाली, दुसऱ्यांदा ती चूक राहत नाय.”

मिहिर सर हसले. “‘मला माहीत नाही’ असं उद्देशपत्रात कुणी लिहितं का? तू घरी शिकलेली. नावाजलेलं कॉलेज नाही, इंटर्नशिप नाही. जरा ठसका नको?”

पुंडलिकराव खुर्चीत चुळबुळले. ते वाळूजच्या कारखान्यात तयार नग तपासायला होते. “लिहू दे की बाई. सरांना लई अनुभव आहे. एका ओळीनं काय बिघडतंय?”

करुणा त्यांच्याकडं वळली. “बाबा, न मोजलेल्या नगावर सही करता का तुम्ही?”

“माझी गोष्ट येगळी.”

“कशी काय येगळी? पत्राखाली सही माझीच आहे की.”

पुंडलिकराव उठले आणि म्हणाले, “चल.”

“या पत्रानं प्रवेश मिळणार नाही, सांगून ठेवतो,” मिहिर सर म्हणाले.

“नाय मिळाला तर माझ्या खऱ्या कामावर नाय मिळाला, एवढं तरी कळंल,” करुणा म्हणाली.

पत्र तिनं आपल्या हातानं लिहिलं. कोणती कोडी आपली, कोणती गोकुळ आणि सावनीची, तेही लिहिलं. कॉलेजाचं नाव घातलं नाही, कारण भोक अजून उघडं असेल तर ते नाव म्हणजे चोराला दिलेला पत्ता. ‘दुरुस्ती झाली का, हे मला माहीत नाही’ ही ओळ मात्र ठेवली.

महिन्यानं ऑनलाइन मुलाखत झाली. समोर तीन प्राध्यापक. त्यांतल्या बाईंनी स्पर्धेचा निकाल आणि तिचा ब्लॉग उघडूनच ठेवला होता.

“निकालात फक्त संघाचं नाव आहे. अकराही माझी म्हणाली असतीस तर आम्हाला कळलं नसतं.”

“गोकुळ अन् सावनीला कळलं असतं, मॅडम. अन् तुम्ही पाचवं कोडं विचारलं असतं, तर मी आडवी पडले असते. ते गोकुळचं.”

“मग तुझं तिसरं सांग.”

करुणा पंधरा मिनिटं बोलत राहिली. मध्येच बाईंनी तिला अडवलं. “ब्लॉगवरची ही पायरी चूक आहे.”

करुणानं पाहिलं, क्षणभर विचार केला. “व्हय, चूक आहे. उत्तर बरोबर आलं, पण कारण मी चुकीचं दिलं. आज खाली दुरुस्ती लिहिते. जुनं खोडणार नाय.”

प्रवेश मिळाला. यादी लागली त्या दुपारीच सल्ला-केंद्रातून फोन आला. यशस्वी विद्यार्थ्यांच्या फलकावर लावायला फोटो हवा होता.

“देते की,” करुणा म्हणाली. “खाली लिहा, ‘आमचं पत्र नाकारून हिनं स्वतःचं पाठवलं.’ लिहून मला दाखवा, मग फोटो पाठवते.”

अजून कुणी दाखवलेलं नाही.