कांता गमरेचा परिसंवाद

त्या वर्षांत गिरणगावात सभेला तोटा नव्हता. संध्याकाळ झाली की कुठल्या ना कुठल्या नाक्यावर संयुक्त महाराष्ट्राची सभा असायचीच. घोडपदेवच्या कांता गमरेने अशा कितीतरी सभा उभ्याने ऐकल्या होत्या, घोषणा देऊन घसा बसवून घेतला होता. त्यामुळे शिक्षिका मृणालिनीबाईंनी येऊन जेव्हा विचारलं, ''परळच्या कामगार कल्याण केंद्रात गिरणीतल्या पाळणाघरावर परिसंवाद ठेवलाय, तू चालवशील का?'', तेव्हा कांता म्हणाली, ''मला भाषण नाही जमणार, बाई.''

''भाषण करायचंच नाही. बोलणारे दुसरे आहेत. एक डॉक्टर, एक लेबर ऑफिसर आणि मी. तू आम्हाला बोलतं करायचं आणि वेळेवर थांबवायचं.''

कांता गिरणीच्या वाइंडिंग खात्यात, सूत गुंडाळायच्या कामाला होती. सातवी शिकलेली, रात्री चाळीतल्या बायकांना अक्षरं शिकवणारी. मृणालिनीबाईंची आणि तिची ओळख त्या वर्गातलीच. घरी तिच्या सासूबाई राधाबाई हे ऐकून म्हणाल्या, ''सायबांना गप्प कर म्हणून सांगणार तू? बरा हा धंदा!'' पण त्यांच्या आवाजात कौतुक होतं. त्यांनीही वीस वर्षं गिरणीत काढली होती.

हातात पंधरा दिवस होते. कांताने आधी डॉक्टर पाटणकरांना गाठलं. लालबागेत त्यांचा दवाखाना होता. त्यांनी बालसंगोपनावर बारा पानं लिहून ठेवली होती.

''डॉक्टर, तुमच्या वाट्याला दहा मिनिटं आहेत,'' कांता चाचरत म्हणाली.

''दहा मिनिटांत काय सांगणार मी?''

''बायका रविवारचं धुणं-भांडं टाकून येणार. घरी जाऊन त्यांनी शेजारणीला सांगावी, अशी एकच गोष्ट सांगा.''

डॉक्टरांनी चष्मा काढून तिच्याकडे पाहिलं, आणि हसून पानं खणात टाकली.

लेबर ऑफिसर हेरंब कारखानीस तिच्याच गिरणीतले. मनाने वाईट नव्हते, पण कागदावर फार विश्वास. ''आपलं पाळणाघर नियमाप्रमाणे आहे. आया आहे, दूध आहे. एकही तक्रार नाही,'' ते म्हणाले.

कांताने वहीत ते शब्द जसेच्या तसे लिहून घेतले. मग ती स्वतः पाळणाघर बघायला गेली. तीस पाळणे, त्यांत चार मुलं. बाकीची कुठे असतात, ते तिला ठाऊक होतं. चाळीतल्या म्हाताऱ्यांच्या मांडीवर. तिच्या शेजारच्या साच्यावर काम करणाऱ्या सुंदराबाईची आठ महिन्यांची पोरही अशीच शेजारणीकडे राहायची.

''अगं, का नाही आणत तिला?'' कांताने जेवणाच्या सुट्टीत विचारलं.

''आणून काय करू? पाळणाघर पार त्या टोकाला, दुसऱ्या फाटकापाशी. पाजायला जाऊन येईपर्यंत जॉबर बोंब मारतो.''

''हे परिसंवादात सांगशील?''

''मी? नको गं बाई. उद्या त्याच्या डोळ्यावर आले तर?''

जॉबर म्हणजे खात्याचा मुकादम, त्याच्याशी वाकडं कुणाला परवडत नव्हतं; कांता तिच्या मागे लागली नाही. तिने वेगळं केलं. आठवडाभर खात्यात फिरून तिने बायकांचे प्रश्न गोळा केले. कुणाला लिहिता येईना, म्हणून स्वतःच लिहिले. नाव मात्र एकीचंही टाकलं नाही. तीस-पस्तीस निघाले. त्यांतले बरेच फिरून तेच होते. ते एकत्र करून, रोज थोडे गाळून, शेवटी पाच उरले. घरात राधाबाईंना समोर बसवून ती ते मोठ्याने वाचायची. ''हा लांबला. मला सुरुवात आठवत नाही,'' असं सासूबाई म्हणाल्या की तो प्रश्न कापायचा.

आदल्या दिवशी मृणालिनीबाईंच्या गिरगावच्या घरी चौघं चहाला जमले. कोण कशावर बोलणार हे कांताने वाटून दिलं, म्हणजे तेच तेच होऊ नये. कारखानीसांनाही तिने आडून नाही, सरळ सांगितलं, ''साहेब, उद्या पाळणाघराच्या अंतरावर प्रश्न येणार. तयारीनं या.''

''येतो, येतो,'' साहेब म्हणाले. पण त्यांनी ते फारसं मनावर घेतलं नसावं.

रविवारी चार वाजता केंद्राचा हॉल भरला. शंभरेक बायका आणि मागे थोडे पुरुष. कांता पुढे आली. तिने तिघांची ओळख दोन-दोन वाक्यांत करून दिली आणि बाजूला बसली. डॉक्टर नऊ मिनिटांत आटपले. मृणालिनीबाई थोड्या लांबल्या, तशी कांताने चिठ्ठी सरकवली आणि त्या चटकन थांबल्या. कारखानीसांनी मात्र पुन्हा तेच सांगितलं. पाळणाघर नियमाप्रमाणे आहे, एकही तक्रार नाही.

''कुणाला काही विचारायचंय?'' कांताने विचारलं.

सगळ्यांच्या माना खाली. कुणी पदराशी चाळा करत होतं, कुणी दाराकडे बघत होतं. कांताने वही उघडली.

''हे प्रश्न बायकांनी माझ्याकडे दिलेत. पहिला. बाळाला पाजायची सुट्टी पंधरा मिनिटांची. खात्यातून पाळणाघरात जायला किती वेळ लागतो?''

''कोण म्हणतंय हे?'' कारखानीसांनी विचारलं.

''नाव नको, साहेब. उत्तर सांगा.''

हॉलमध्ये कुजबुज उठली. कांताच्या जिभेवर पुढचं सगळं आलं होतं. जॉबर, फाटक, रिकामे पाळणे. पण आज ती बोलायला नव्हे, बोलतं करायला बसली होती. तिने शब्द गिळले आणि डॉक्टरांकडे वळली. ''डॉक्टर, अंगावर पिणारं बाळ आठ-नऊ तास आईविना राहिलं तर?''

''बाळाचे हाल होतात, आणि आईचं दूध आटतं,'' डॉक्टर म्हणाले. ''ही सुट्टी म्हणजे मेहेरबानी नव्हे, बाळाची गरज आहे.''

कांताने पुन्हा कारखानीसांकडे पाहिलं आणि थांबली. घाई केली नाही. साहेबांनी रुमालाने कपाळ पुसलं.

''खरं सांगू? मी कधी चालून पाहिलेलं नाही.''

मागून एकजण खो खो हसला. कांताने हात वर करून त्याला गप्प केलं. ''साहेबांनी खरं सांगितलं. हे थोडं नाही. साहेब, पाहून सांगाल? केव्हापर्यंत?''

''पुढच्या शनिवारपर्यंत.''

''शनिवार,'' कांताने सगळ्यांसमोर लिहून घेतलं.

उरलेले चार प्रश्न झाले आणि पाच वाजून वीस मिनिटांनी तिने परिसंवाद संपवला. खरी गर्दी नंतर चहापाशी झाली. कांताने चहाच्या कपाला हातही लावला नाही. ती डॉक्टरांना बायकांमध्ये घेऊन गेली. ज्यांच्या पोरांना खोकला होता त्या पुढे झाल्या. डॉक्टर म्हणाले, ''बुधवारी दुपारी या सगळ्या, मी बसेन.''

मग ती कारखानीसांपाशी आली. ते एकटेच खिडकीशी उभे होते.

''माझी चांगली शोभा केलीस,'' ते म्हणाले.

''शोभा करायची असती, तर हसणाऱ्याला हसू दिलं असतं, साहेब.''

ते काही बोलणार, तोच सुंदराबाई पोरीला कडेवर घेऊन समोर आली. म्हणाली, ''अकरा मिनिटं, साहेब. नुसतं जायला. मी मोजलीत.''

कारखानीसांनी खिशातून डायरी काढली. ''कुठल्या खात्यातून? बसा ना बाई, नीट सांगा.'' पोर हात लांबवून त्यांचं पेन ओढू लागली, तसे ते हसले.

कांता मागे सरकली. त्या दोघांमध्ये आता तिची गरज नव्हती.

दुसऱ्या दिवशी तिने तिघांना पत्रं टाकली. आभार मानले आणि ज्याने त्याने जे कबूल केलं होतं तेही दोन ओळींत लिहिलं. शनिवारी कारखानीस खरंच चालत गेले. तेरा मिनिटं लागली, कारण फाटकावर त्यांनाही अडवलं. सगळं लगेच झालं नाही. दोन महिने कागद इकडून तिकडे फिरले. मग वाइंडिंग खात्याजवळची एक गोदामाची खोली रिकामी झाली, चुना लागला आणि दहा पाळणे तिथे आले. जॉबरला लेखी ताकीद मिळाली. सुंदराबाईची पोर तिथे आलेली तिसरी.

पुढे गिरगावातून निरोप आला. मराठी माध्यमाच्या शाळांवर परिसंवाद आहे, सूत्रं गमरेबाईंनीच सांभाळावीत. राधाबाईंनी विचारलं, ''त्यातलं तुला काय कळतं?''

''आज काही नाही,'' कांता चपला घालत म्हणाली. ''म्हणून तर चाललेय. हेडमास्तर पाचला भेटतो म्हणालेत.''