यादीत न आलेली ओळ

शनिवारी दुपारी ऑफिस आवरायच्या वेळेला साहेबांचा अंधेरीहून फोन आला. मी तेव्हा वसईजवळ कामणच्या एका गोडाऊनमध्ये ऑफिसचं काम बघत होते, अजूनही बघते. साहेब म्हणाले, "मसाल्याच्या मालाची ती ट्रेल मेल बघितलीस? चाळीसच्या वर मेल झालेत. मी काही सगळं वाचत बसणार नाही. मला इंग्रजीत अर्ध्या पानात सारांश दे आणि खाली कोणी काय करायचं त्याची यादी. यादी तेवढी मराठीत करून सुपरवायझरला पाठव. बाकीचं त्याला नको, उगाच गोंधळ होतो."

आमचे सुपरवायझर पन्नाशी ओलांडलेले, जवळच्याच भातशेतीच्या गावातले. मराठी झरझर वाचत. इंग्रजी म्हणजे गोणीवरचा नंबर आणि गाडीची पाटी, एवढंच. मी त्यांना दादा म्हणते, ते मला ताई, वयाने मी लहान असूनही.

मी मेल खालून वर वाचायला घेतले. त्रेचाळीस होते. निर्यातदार, त्यांचा एजंट, ट्रान्सपोर्टवाला, पेस्ट कंट्रोलवाले आणि आमचे साहेब. निम्मे मेल नुसते 'नोटेड' म्हणणारे. विषय एवढाच, की मसाल्याच्या गोण्यांच्या चार नंबरच्या थप्पीत कीड मारायच्या गोळ्या ठेवून वरून जाड प्लास्टिक घातलं होतं. त्या गोळ्यांतून विषारी वायू सुटतो. तो काही दिवस आत कोंडून ठेवतात, मग पेस्ट कंट्रोलचा माणूस मास्क लावून येतो, प्लास्टिक काढतो, हवा खेळू देतो आणि यंत्राने वायू मोजून 'आता जा' म्हणून सांगतो. साहेबांच्या मेलमध्ये होतं की सोमवारी आठला प्लास्टिक निघेल, दहाला कंटेनर लागेल.

पण मधेच एक मेल होता. पेस्ट कंट्रोलच्या ऑफिसातल्या एका मुलीने तो भलत्याच जुन्या मेलला उत्तर म्हणून लिहिला होता, त्यामुळे तो खाली जुन्या मेलांत दबून राहिला होता. गोळ्या ठेवायला उशीर झाला, आमचा माणूस आता मंगळवारी येईल, तोवर प्लास्टिकला कोणी हात लावू नये.

मी तो वाचला. हे मला आजही स्वतःला सांगावं लागतं, की मी तो वाचला होता. सारांशात लिहिलासुद्धा, तिसऱ्या परिच्छेदात: पेस्ट कंट्रोल मंगळवार म्हणतंय, कंटेनरची तारीख बदलायची का ते आपण ठरवावं. खाली सहा कामांची यादी केली. साहेबांनी अजून काही ठरवलं नव्हतं, म्हणून यादीत सोमवारच ठेवला. मग ती यादी, तेवढीच, मराठीत उतरवली. 'सोमवारी सकाळी आठ वाजता चार नंबर थप्पीवरचे प्लास्टिक काढून घेणे.' आपलं मराठी कसं स्वच्छ उतरलंय, असंही तेव्हा वाटून गेलं. प्रिंट काढून दादांच्या हातात दिली. साहेबांनी माझ्या मेलला अंगठ्याचं चित्र पाठवलं. मला वाटलं, वाचलं असणार.

सोमवारी पापडीच्या चर्चमध्ये माझ्या सासूबाईंना जाऊन वर्ष झालं त्याची प्रार्थना, मिस्सा, होती, म्हणून मी उशिरा येणार असं सांगून ठेवलं होतं. साडेनऊला स्कूटर फाटकातून आत घेतली तर सगळे हमाल आवारात उभे. गोडाऊनचं शटर सताड उघडं. दादा भिंतीला टेकून खाली बसले होते, शर्ट पुढून भिजलेला, ओठ पांढरे पडलेले.

"काय झालं?" मी विचारलं.

"तोंडावं पानी मारलं. दोनदा उलटी झाली," एक हमाल म्हणाला. "प्लास्टिक उचललं नि लसणीसारखा वास आला. आमाला बोलले, बाहेर पळा. शटर पुरतं वर करायला स्वतः आत थांबले."

मला सगळं कळलं ते त्याच क्षणी. तिसरा परिच्छेद डोळ्यांसमोर आला, शब्दन् शब्द. मी स्कूटर स्टँडवर लावायची विसरले आणि ती माझ्याच अंगावर कलंडली.

टेम्पोतून त्यांना वसईला हॉस्पिटलमध्ये नेलं. वाटेत मी पेस्ट कंट्रोलच्या ऑफिसला फोन केला. फोन त्याच मुलीने घेतला. मी सांगितल्यावर ती एवढंच म्हणाली, "पण मी लिहिलं होतं ना." मग तिने गोळ्यांचं नाव सांगितलं, डॉक्टरांना ते आधी सांगा म्हणाली आणि त्या आवारात कोणालाही आत सोडू नका म्हणाली.

डॉक्टर म्हणाले, "याच्यावर उतारा असं औषध नाही. ऑक्सिजन लावतो, हृदयावर लक्ष ठेवतो. दोन-तीन दिवस बघू."

मी बाकड्यावर बसले. साहेबांना फोन लावून सगळं सांगितलं, तो मंगळवारचा मेलसुद्धा. ते म्हणाले, "सारांशात होतं का हे?"

"होतं."

"मी वरचं वाचलंच नाही. यादी बघितली आणि पुढे गेलो."

मला राग आला नाही. सारांश ज्यांच्यासाठी लिहिला त्यांनी वाचला नव्हता, आणि ज्यांच्या जिवाशी त्याची गाठ होती त्यांना तो मी दिलाच नव्हता. सांगितलं तेवढंच केलं होतं. हेच मला हादरवून गेलं. यादीत फक्त करायची कामं येतात. हात लावू नका, हे काम नाही म्हणून ते कुठल्याच आकड्याखाली बसलं नाही.

संध्याकाळी दादांच्या बायकोने मला आत नेलं. दादांचा आवाज खोल गेला होता.

"दादा, चूक माझी आहे," मी म्हटलं.

"मला वाटलं, गॅस मोजून झाला असंल," ते म्हणाले. "त्याशिवाय तुमी यादीत लिवलं नसतं."



तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी धोका टळला म्हणून सांगितलं. तीन आठवड्यांनी दादा कामावर आले, जिना चढताना थांबत थांबत. पहिल्याच दिवशी जेवणाच्या सुट्टीत माझ्या टेबलापाशी येऊन बसले.

"ताई, ते सगळं मला वाचून दावा. मराठीत. सगळं."

मी त्रेचाळीस मेल काढले आणि एकेक मराठीत सांगत गेले, 'नोटेड'वालेसुद्धा. तासभर लागला. ते डबा न उघडता ऐकत होते. त्या मुलीचा मेल आला. मी सांगितला, आणि शेवटाशी आले. शेवटी एक ओळ होती, जी मी सारांशातही घेतली नव्हती. शिष्टाचाराची वाटली होती: गोडाऊनमधल्या कामगारांना हे त्यांच्या भाषेत सांगितलं आहे ना, कृपया कळवावं.

मी ती वाचून दाखवली. पुढचे मेलही वाचले. त्या प्रश्नाला कोणीच उत्तर दिलं नव्हतं.

दादा स्क्रीनकडे वाकले. मग हळू म्हणाले, "म्हंजे कुनीतरी इचारलं व्हतं."

"हो."

"कोन ती मुलगी?"

"मी तिला पाहिलेलं नाही, दादा."

"तिला उत्तर कुनीतरी द्यायला पायजे," म्हणत त्यांनी तिचा नंबर मागितला. मी कागदावर लिहून दिला. ते बाहेर व्हरांड्यात गेले, आणि मला काचेतून दिसलं, ते फोन कानाला लावून काहीतरी सांगत होते, मग ऐकत उभे राहिले.