ताण्याच्या रेघांमागचा माणूस

आमच्या घरात बी.ए. झालेली मी पहिली. हे मी सगळ्यांना सांगते, ऐकणाऱ्याला कंटाळा आला तरी सांगते. बाबा हातमागावर विणतात आणि मी मोहाडीत फ्लेक्स आणि व्हिडिओ मिक्सिंगच्या दुकानात कॉम्प्युटरवर बसते. तिथं वर्षभर मी वाढदिवसाच्या बॅनरवर नावं टाइप केली. मग एका बाजाराच्या दिवशी करडीकडच्या एका नाटक मंडळाचे अध्यक्ष आले. त्यांना मंडईच्या, म्हणजे दिवाळीनंतर गावोगाव भरणाऱ्या जत्रा-नाटकांच्या हंगामासाठी अर्ध्या मिनिटाचं ट्रेलर हवं होतं. नाटक खुनाचं होतं आणि खून एका विणकराच्या घरात झालेला.

"एआयनं होते म्हनतेत ना ते," अध्यक्ष म्हणाले. "दोन भाग पायजेत. बाहेरचा घोड्यावाल्या इंग्रजी पिक्चरवानी, आतला काळापांढरा, जासूसीवाला. उद्या संध्याकाळी गावच्या कमिट्या बसतेत. ट्रेलर पाहूनच नाटक बुक करतीन."

दुकानाचे मालक माझ्याकडे वळले. "हे जमलं तर नाटकांचं सगळं काम तुझं. नाही तर मी नागपूरला पाठवतो."

दुसऱ्या दिवशी अध्यक्ष माझ्या शेजारी येऊन बसले. बाहेरचा भाग सोपा गेला. मी 'वेस्टर्न' हा शब्दच लिहिला नाही, कारण लिहिला की घोडा आणि वाळवंट आपोआप येतं. त्या सिनेमांत काय दिसतं तेवढं लिहिलं. कापणी झालेलं धानाचं बांदाड, म्हणजे उघडं शेत, क्षितिज फ्रेमच्या खालच्या भागात, वर मोठं रिकामं आभाळ, धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, बोटाएवढा माणूस. डोक्यावर भर दुपारचं ऊन. टोपीऐवजी दुपट्टा असा बांधलेला की कपाळाची सावली डोळ्यांवर पडावी. मग एकदम फक्त डोळे, फ्रेमभर.

"वा रे पोरी!" अध्यक्ष म्हणाले. "घोडा नसून घोडा असल्यावानी वाटते."

आतला भाग मात्र अडला. सकाळी घाईत मी सरळ 'फिल्म न्वार' हे त्या काळ्यापांढऱ्या जासूसी सिनेमांचं नाव लिहून पाहिलं होतं. ओले रस्ते आले, लांब कोटातला गोरा माणूस आला. "हा कोन्या देशातला पाहुना होय?" अध्यक्ष हसले. म्हणून ते नावही काढून टाकलं. एकच कडक दिवा, डावीकडून, खाली ठेवलेला. सावल्या भरून काढणारा उजेड समोरून नाही. चित्राचा बराच भाग काळा. कॅमेरा जमिनीलगत, जरासा तिरपा. त्या सिनेमांत खिडकीच्या पट्ट्यांच्या सावल्या भिंतीवर पडतात. आमच्याकडे तशा खिडक्या कुठल्या? पण मागाचा ताणा आहे. लहानपणी लाइट गेली की मी दिव्याजवळ पडून भिंतीवर त्या उभ्या धाग्यांच्या रेघा पाहायची. लांब कोटवाल्याच्या जागी मी गुडघ्यापर्यंत घोंगडी पांघरलेला माणूस लिहिला.

आणि एक गोष्ट आदल्या दिवशीच, काम मिळाल्यावर घरी जाऊन, करून ठेवली होती. फोटोवरून व्हिडिओ करायचा तर उजेड फोटोतच तसा असावा लागतो, नंतर शब्दांनी तो फारसा बदलत नाही. म्हणून बाबा बाजारात गेलेले असताना मी आमच्या मागाच्या खोलीची दारं-खिडक्या लावल्या, एक बल्ब डावीकडे स्टुलावर ठेवला, आणि मोबाइलनं फोटो काढला. घरात मी एकटीच होते. उजव्या भिंतीवर रेघा छान पडल्या होत्या.

शेवटचा शॉट रिकाम्या खोलीचा होता. आठ सेकंद. मी लिहिलं, खोलीत माणूस नाही, घोंगडीवाला नाही.

पहिल्या खेपेला तिसऱ्या सेकंदाला घोंगडीवाला ताण्यामागे उभा राहिला. दुसऱ्या खेपेला तो मागाच्या अलीकडे आला. तिसऱ्या खेपेला मी 'कोणीही नाही' असं दोनदा लिहिलं, तर तो मागावर बसलेला.

त्याच वेळी बाबा माझा डबा घेऊन आले. डबा टेबलावर ठेवता ठेवता त्यांचा हात थांबला.

"माय, हा आपला माग होय ना?"

"हो बाबा."

"मंग याले कोनं बसवला तिथं?" ते वाकून पाहत राहिले. "हातात धोटा नाई, पायही हलत नाई. हा विनून नाई राहिला. तुयाकडं पाहून राहिला."

अध्यक्षांनी खुर्ची मागे सरकवली. "काहून भेव घालता भाऊ?"

"मी कायले घालू? तुमीच पाहा."

मी हसून सांगितलं की चूक माझी आहे. 'नाही' लिहिलं तरी त्या वस्तूचं नाव प्रॉम्प्टमध्ये, म्हणजे यंत्राला दिलेल्या सूचनेत, जातंच, आणि नाव गेलं की वस्तू येते. मी माणसाचे, घोंगडीचे सगळे शब्द काढले. जे आहे तेवढंच लिहिलं. स्थिर कॅमेरा, रिकामा माग, ताण्यावर पडलेला, आडवा धागा नेणारा धोटा, बल्बच्या उजेडात तरंगणारी धूळ.

तो गेला. पाच सेकंद खोली रिकामी राहिली. सहाव्या सेकंदाला डाव्या बाजूनं रेघा एकेक करून झाकल्या गेल्या आणि भिंतीवर एक उभी काळी सावली थांबली. चौकटीत कोणी नव्हतं. एवढी मोठी सावली पडायला कोणीतरी बल्बच्या अगदी जवळ, फोटोच्या बाहेर, उभं असायला हवं होतं.

"हेच!" अध्यक्ष म्हणाले. "हेच ठेव. कमिटीवाले खुर्चीवरच बसून रायतीन."

बाबा स्क्रीनपासून मागे सरले. मग अध्यक्षांना म्हणाले, "ते माझं घर होय. बाजारात लोक ओळखतीन. त्या खोलीत उभं रायते काहीतरी, असं एकदा गावात झालं का मंग तिथं विनलेलं लुगडं कोन नेसन?"

मालक माझ्याकडे पाहत होते, अध्यक्ष घड्याळाकडे. मी ती क्लिप खोडली आणि फोटोही काढून टाकला. म्हटलं, आमच्या घराची गरज नाही, खोली मी शब्दांनी उभी करते. मातीची भिंत, वेगळा माग, दिवा तिथंच. आणि या वेळी मी त्याला मुद्दाम बोलावलं. भिंतीवर एका माणसाची सावली, तो स्वतः चौकटीबाहेर, दिव्याजवळ, असं स्पष्ट लिहिलं.

खोली सुरेख आली, रेघाही. सावली आली नाही. मी शब्द फिरवले, सावली वाक्याच्या सुरुवातीला नेली. नुसत्या रेघाच. पाच खेपा केल्या. इतकं साधं मागणं त्या यंत्रानं मोडताना मी तोवर पाहिलं नव्हतं, आणि पुढेही फारसं पाहिलं नाही.

कमिट्या जमायची वेळ झाली. मी रिकामीच खोली लावली, चित्रामागे फक्त माग चालल्याचा खटखट आवाज ठेवला. अध्यक्ष कुरकुरत घेऊन गेले. तासाभरानं त्यांचा फोन आला. "बुक झालं पोरी! माग कोन चालवून राहिलं, हेच सारे इचारत होते." मालकांनी दुसऱ्या दिवसापासून मला फ्लेक्सवरून उठवलं. नाटकांचं काम तेव्हापासून माझ्याकडे आहे.

त्या रात्री घरी पोचले तर बाबा मागाच्या खोलीत स्टुलावर उभे होते. मी डावीकडे ठेवलेला बल्ब मधल्या वाशाला, बरोबर मागाच्या वर, भिंतीवर सावली पडणार नाही अशा जागी बांधत होते.

"नव्या खोलीत आला का तो?" त्यांनी वरूनच विचारलं.

"नाही आला. बोलावलं तरी नाही."

बाबांनी गाठ ओढून घट्ट केली.

"मंग इथंच असन," ते म्हणाले, आणि खाली उतरून ताण्याला हात लावून धागे तपासू लागले.