पदर आणि खुर्ची

माझ्या थोरल्या भावाची अट साधी होती. आईला शेळगावात एकटी राहायचं असेल, तर तिनं खुर्चीवरून हात न टेकता उठून दाखवायचं. नाही जमलं, तर बारामतीत त्याच्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये जायचं. उन्हाळ्यात ती न्हाणीत पडली होती. हाड मोडलं नाही, पण शेजारीण येईपर्यंत तिला उठता आलं नव्हतं.

मी तेव्हा इंदापुरात राहत होतो. वर्तमानपत्रातली नोकरी संपली होती, म्हणून तिला व्यायामाच्या वर्गाला नेणं माझ्याकडे आलं. भाऊ म्हणाला, "तू बातम्या लिही. ती पडली की उचलायला मलाच यावं लागतं." त्या वर्षी आम्ही दोघं एकमेकांना बहुतेक असंच बोलत होतो.

वर्ग गावच्या समाजमंदिरात भरायचा. बारामतीच्या एका दवाखान्यातली फिजिओथेरपिस्ट आठवड्यातून दोनदा यायची. तिला सगळे ताई म्हणत. तिनं पहिल्याच दिवशी सभागृहातल्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या नाकारल्या, कारण त्या फरशीवर सरकत होत्या. शाळेतून लाकडी, बिनहाताच्या, जड खुर्च्या आणवल्या आणि त्यांच्या पाठी भिंतीला टेकवल्या. पायमोजे घालून येणाऱ्या एका मास्तरांना तिनं ते दारातच काढायला लावले.

आधी बसूनच खांदे फिरवायचे, घोटे फिरवायचे, टाचा आणि चवडे आळीपाळीनं उचलायचे, जागेवर चालल्यासारखे गुडघे वर घ्यायचे. मग उठबस. खुर्चीच्या कडेला सरकायचं, पावलं गुडघ्यांच्या थोडी मागं घ्यायची, छाती पुढं झुकवायची आणि मग उठायचं. बसताना दोन्ही पायांच्या मागं खुर्ची लागली आहे याची खात्री झाल्याशिवाय टेकायचं नाही. त्यानंतर खुर्च्या फिरवून, खुर्चीची पाठ धरून उभ्यानं टाचा उचलायच्या, पाय बाजूला न्यायचा, एका पावलापुढं दुसरं ठेवून उभं राहायचं. आधी दोन्ही हातांनी धरायचं, मग एका, मग नुसत्या बोटांनी. श्वास रोखायचा नाही. चक्कर आली की बसायचं.

"जन्मभर ऊस तोडला," आईच्या शेजारची बाई म्हणाली, "आता बसून हवेत सायकल चालवायची व्हय?"

"ऊस तोडताना वाकत होता. आता सरळ उभं राहायचंय," ताई म्हणाली.

तिसऱ्या आठवड्यात आई मांड्यांवर हात टेकून उठायला लागली. खुर्चीला हात लावायची गरज संपली होती. त्याच आठवड्यात माझे थोरले चुलते वर्गाच्या वेळी यायला लागले.

ते गावातल्या ज्येष्ठांच्या मंडळाचे अध्यक्ष होते. गाव त्यांना आबा म्हणायचं. वर्गामुळे त्यांचा दुपारचा पत्त्यांचा डाव बंद पडला होता, हे ते सांगत. जे सांगत नसत तेही सगळ्यांना माहीत होतं. आई बारामतीला गेली, तर आमच्या अंगणातून त्यांच्या ट्रॅक्टरला सरळ वाट मिळणार होती.

आमच्या घरात थोरल्या दिरासमोर धाकटी भावजय खुर्चीवर बसत नाही. तो आला की डोक्यावर पदर घेऊन उठते. दोघं एकमेकांशी थेट बोलतही नाहीत. लग्न झाल्यापासून आईनं हे पाळलं होतं. वडील गेल्यावरही त्यात फरक पडला नव्हता.

त्या दिवशी उठबस चालू होती. आई अर्धी उठली होती. आबा दारात आले आणि सगळा वर्ग उभा राहिला. आईचा उजवा हात मांडीवरून सुटून पदराकडे गेला. पदर डोक्यावर आला, पण तोल गेला. ती खुर्चीच्या कडेवर आदळली आणि तिथून फरशीवर घसरली.

ताईनं तिला लगेच उचललं नाही. आधी कुठं दुखतंय ते विचारलं, कंबर आणि मनगट तपासलं, मग गुडघ्यावर यायला लावून खुर्ची पुढं ठेवली आणि तिच्याच बळावर तिला उठवलं. लागलं काही नव्हतं.

आबा माझ्याकडं बघत म्हणाले, "पोरा, तुझ्या आईला सांग. आपल्या घरातल्या बायका असल्या खेळाला कधी गेल्या न्हाईत. पडली की न्हाय?"

"तुम्ही आलात म्हणून पडली," मी म्हणालो.

"मी आल्यावर माणसं पडत न्हाईत. उठत्यात."

संध्याकाळी भावाचा फोन आला. आबांनी त्याला कळवलं होतं. पुढच्या वर्गाच्या दिवशी तो गाडी घेऊन येणार होता.

त्या दिवशी वर्ग सुटल्यावरच मी ताईला विचारलं होतं, वर्गाची वेळ बदलता येईल का. ती म्हणाली, "वेळ बदलली तरी घरी कुणी येणारच ना? तिथं भिंतीला टेकवलेली खुर्चीही नसेल. दोन्ही पाय स्थिर होईपर्यंत हात दुसऱ्या कामाला जाता कामा नये. एवढं एकच त्यांना पक्कं करायचंय."

पुढच्या वर्गाला ताईनं आईला कोपऱ्यातली खुर्ची दिली आणि पदर आधीच कमरेला खोचायला सांगितला. आईनं खोचला. डोकं उघडं राहिलं. बाकीच्या बायकांनी एकमेकींकडं पाहिलं. भाऊ दाराशी येऊन उभा राहिला. त्यानं सकाळीच घरातून आईची वळकटी उचलून डिकीत टाकली होती.

उठबस सुरू होण्याआधी आबा आले. खुर्च्यांवरची माणसं उठली. आई बसून राहिली. तिचे दोन्ही हात मांड्यांवर होते.

आबा थांबले. त्यांनी मला म्हटलं, "तुझ्या आईला सांग, मी आलोय."

मी सांगितलं नाही. आईच बोलली, आणि त्यांच्याकडं बघून बोलली.

"दिसलं, भाऊजी. ताई सांगतील तवा उठीन. तुमी दारातनं बाजूला व्हा, वारं अडतंय."

मागं कुणीतरी खोकलं. आबा हलले नाहीत. त्यांचा हात चौकटीवर होता. आत येतानाही ते चौकट धरूनच आले होते.

ताईनं आवाज चढवला नाही. "पुढं सरका. पावलं मागं. हात छातीवर दुमडा. झुका आणि उठा."

आई उठायला गेली. पहिल्या प्रयत्नात अर्ध्यावरून परत बसली. भाऊ पुढं आला, ताईनं त्याला हातानं थांबवलं. दुसऱ्या प्रयत्नात आई सरळ उभी राहिली, थांबली, पायांच्या मागं खुर्ची लागते का ते बघितलं आणि सावकाश बसली. ताईनं आणखी काही वेळा तेच करवून घेतलं.

"जमतंय," ताई भावाला म्हणाली. "पण व्यायाम सोडायचा नाही. न्हाणीत दांडी बसवून घ्या."

"दांडी मी बसवीन," भाऊ म्हणाला. माझ्याकडं बघून पुढं म्हणाला, "हा नुसता बघत बसेल."

"घरात दोन बायका असल्या की घर चालतंय," आबा कुणालाही उद्देशून न बोलता म्हणाले, "दोन अध्यक्ष झाले की बुडतंय." ते वळले. पायरी उतरताना त्यांनी भिंतीला हात लावला. ताई म्हणाली, "आबा, एक खुर्ची रिकामी आहे." त्यांनी मागं पाहिलं नाही.

भावानं वळकटी डिकीतून काढून ओट्यावर ठेवली आणि चहा न घेता निघून गेला. आबा आईशी आता माझ्यामार्फतही बोलत नाहीत. सणाचं ताटही त्या घरून येत नाही. त्यांचा ट्रॅक्टर आमच्या अंगणाला वळसा घालून जातो, आणि आई ओट्यावरच्या खुर्चीवर बसून तो जाताना बघते.